पालखी यायच्या आत: लादीवरचं सिमेंट, काचेवरची भुकटी आणि माझ्या चुका

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

मिस्त्री आज सामान घेऊन गेले. गुहागर तालुक्यातलं आमचं हे जुनं कौलारू घर, जांभ्याच्या भिंती. स्वयंपाकघरात आणि पडवीत नवीन व्हिट्रिफाइड लादी बसवली, भिंतींना पुट्टी मारली, पडवीला दोन अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावल्या. माजघरातली मोझॅकची लादी आजोबांच्या वेळची आहे, ती काकूने काढू दिली नाही. सागाच्या तीन जुन्या खिडक्याही तशाच ठेवल्या.

१३ मार्चला होळी आहे. शिमग्यात पालखी घरोघर फिरते आणि या वर्षी ती माजघरात बसणार. म्हणजे हातात तीन आठवडे. मला वाटलं होतं तीन दिवस पुरतील.

घराची आजची अवस्था अशी: पडवीच्या लादीवर मिस्त्री ज्याला नुसतं 'केमिकल' म्हणतात त्या टाइल अ‍ॅडेसिव्हचे वाळलेले गोळे. माजघरात सिमेंटचे शिंतोडे, कारण कालवायची पाटी तिथेच ठेवली होती. खिडक्यांवर दोन्ही. आणि सगळ्यावर, अगदी मिठाच्या बरणीच्या झाकणावरसुद्धा, पांढरी भुकटी. लादी कापायची मशीन मिस्त्रींनी माजघरात बसून कोरडीच चालवली. पाणी धरायला माणूस नव्हता म्हणे. मी घरात होते, मीच धरायला हवं होतं.

१९ फेब्रुवारी

पहिली चूक सकाळी सातला. केरसुणी घेतली आणि झाडायला लागले. दहा मिनिटांत समोरची भिंत दिसेना. तोंडाला पदर बांधला होता, तरी रात्री नाकातून पांढरं आलं. सगळं घर झाडून दोन पाट्या भुकटी बाहेर टाकली, आणि संध्याकाळी पाहते तर पाटावर बोट फिरवलं की रेघ उमटत होती.

ही भुकटी घरच्या धुळीसारखी जड नसते. पुट्टी घासलेली आणि लादी कापलेली पूड पिठाहून बारीक असते. झाडलं की वर जाते, तासन्‌तास तरंगते आणि मग जिथून उठवली तिथेच बसते. शिवाय लादी कापल्यावर जी उडते तिच्यात सिलिका असतं, ते फुप्फुसात जाऊन बसतं. पदराने किंवा रुमालाने काही अडत नाही. गावातल्या औषधाच्या दुकानात एन-९५ मास्क मिळाले, पाच घेतले.

२१ फेब्रुवारी

काल घरचा लहान व्हॅक्यूम क्लीनर लावला. पाच मिनिटांत आवाज बदलला आणि मागून पांढरा धूर यायला लागला. फिल्टर चोंदला आणि जी बारीक पूड त्यातून निसटली ती मशीननेच पुन्हा घरभर उडवली. फिल्टर झटकला, पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा तेच. अर्धा दिवस गेला आणि फिल्टरही गेला.

आज गाड्या धुणाऱ्या एका मुलाकडून ड्रमवाला मोठा व्हॅक्यूम भाड्याने आणला, दिवसाचे ४०० रुपये. त्याला आत कापडी-कागदी पिशवी लागते, ती असल्याची खात्री आधी करा. मशीन दाराबाहेर ओट्यावर ठेवलं आणि फक्त नळी आत घेतली, म्हणजे जे काही निसटेल ते अंगणात. ही युक्ती त्या मुलाचीच.

आणि वरून खाली यायचं. आधी वासे आणि रीपा, मग पंख्याची पाती, भिंती, खिडक्यांचे खाचे, सगळ्यात शेवटी जमीन. मी परवा जमिनीपासून सुरुवात केली होती, त्यामुळे वासे झटकल्यावर ती सगळी मेहनत वाया.

जमिनीवर उरलेल्या पुडीसाठी काकूने वखारीतून भुसा आणवला. तो नुसता दमट करायचा, पिळला तर पाणी गळता कामा नये. मूठमूठ पसरायचा आणि केरसुणीने सावकाश ओढत न्यायचा. पूड भुशाला चिकटते, वर उडत नाही. पूर्वी देवळात असंच झाडायचे, असं ती म्हणाली. भुसा लादीवर तसाच पडू देऊ नका, काही लाकडांच्या भुशाचा रंग उतरतो. आम्ही दहा-बारा मिनिटांत उचलत गेलो.

त्यानंतर ओलं पोछा. इथे घाई केली की पांढरा थर पसरतो, कारण पूड पाण्यात कालवली की ती पातळ पुट्टीच. दर खोलीला तीन वेळा पाणी बदललं. पडवीला पाच वेळा.

२३ फेब्रुवारी

खिडक्या. आज ज्याचा राग आला ते आधी लिहिते.

नव्या सरकत्या खिडकीची काच मी कोरड्या फडक्याने पुसली. चार-पाच वेळाच. दुपारी ऊन तिरपं आलं तेव्हा काचेवर केसासारख्या बारीक गोल रेघा दिसल्या, माझा हात जसा फिरला तशा. पुडीतले सिलिकाचे कण काचेहून कठीण असतात. फडकं म्हणजे तेव्हा पॉलिश पेपरच. त्या रेघा आता जाणार नाहीत. पश्चिमेची खिडकी आहे, रोज संध्याकाळी दिसणार.

उरलेल्या काचांना आधी भरपूर पाणी घातलं, फडकं लावलंच नाही. बादलीत थोडा भांडी घासायचा साबण, स्पंज गच्च भिजवून नुसता काचेवर टेकवायचा, पाणी ओघळू द्यायचं. कण वाहून गेले की मगच पुसायचं. खाच्यांत मात्र आधी पाणी नको. तिथे साचलेली पूड भिजली की चिखल होतो, तो वाळला की खिडकी सरकत नाही आणि पावसाचं पाणी बाहेर जायची बारीक भोकं बुजतात. एक खाचा मी असाच बुजवला. सायकलच्या चाकाची तार घालून भोकं मोकळी करायला पाऊण तास लागला. बाकीचे कोरडे असतानाच जुन्या दात घासायच्या ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने ओढले.

२४ फेब्रुवारी

काचेवरचे सिमेंटचे ठिपके. दाढीचं नवं पातं होल्डरमध्ये बसवलं, काच आणि पातं दोन्ही साबणाच्या पाण्याने ओलं ठेवलं. पातं काचेशी जवळजवळ झोपवायचं आणि फक्त पुढे ढकलायचं. मागे ओढलं की सुटलेला कण पात्याखाली येतो आणि रेघ काढतो. दर ढकलीनंतर पातं पाण्यात बुडवलं. तीन खिडक्यांना सहा पाती लागली. बोथट पात्याने जोर लावावा लागतो आणि जोर लावला की चूक होते.

आमची काच साधी आहे म्हणून हे चाललं. काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असेल तर ती टफन्ड काच. तिच्या एका बाजूला भट्टीतले कण चिकटलेले असू शकतात, पात्याखाली तेच मोकळे होऊन काच ओरबाडतात. तिथे आधी कोपऱ्यात बोटभर जागेवर करून पाहावं. पातं खरखरलं, तर थांबावं.

अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवरचे शिंतोडे निघाले, पण दोन ठिकाणी खाली पांढुरके डाग राहिले. घासून जाईनात. ओलं सिमेंट अल्कली असतं, ते अ‍ॅल्युमिनियम खातं. म्हणजे हा डाग नाही, धातूच गेलाय. गवंडीकामाआधी चौकटींना दहा-बारा रुपयांची कागदी टेप लावली असती तर हे झालंच नसतं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. वेळणेश्वरला जत्रा, माणूस मिळणं शक्य नाही. मी एकटीच काचा बघत बसले, कारण धुतलेल्या काचांवर पुन्हा पांढरे ओघळ आले होते. सिमेंट राहिलंय असं समजून एका खिडकीवर पुन्हा पातं चालवलं. तासभर. वाळलं की ओघळ परत.

शेवटी काकू पाहून म्हणाली, "अगं, पाणी कुठलं घेतलंस?" खालच्या बागेतल्या विहिरीचं. ती समुद्राकडची, उन्हाळा जवळ आला की मचूळ होते. सिमेंट कधीच गेलं होतं, हे मीठ होतं. वरच्या विहिरीच्या गोड्या पाण्याने धुऊन लगेच पुसलं, ओघळ संपले. तेव्हापासून धुवायला कुठलंही पाणी, शेवटचा हात गोड्या पाण्याचा.

२७ फेब्रुवारी

या नोंदीतली सर्वांत महागडी चूक. माजघराच्या मोझॅकवर सिमेंटचे वीस-पंचवीस शिंतोडे होते, रुपयाएवढे. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "अ‍ॅसिड मारा ताई, एका मिनिटात जातं." हार्डवेअरच्या दुकानातून ६० रुपयांची बाटली आणली, लादीचं अ‍ॅसिड म्हणून मिळतं ते, म्हणजे हायड्रोक्लोरिक. खरंच एका मिनिटात गेलं. फसफसलं, फेस आला, शिंतोडा विरघळला. मी खूश होऊन एकामागून एक तीन ठिकाणी ओतलं.

धुऊन पाहिलं तर त्या तीनही जागी तळहाताएवढे निस्तेज चट्टे. हात फिरवला तर खरखरीत. आतल्या संगमरवरी खड्यांची चकाकी गेली आणि खड्यांमधलं सिमेंट खोल गेलं. मोझॅक म्हणजे सिमेंटात बसवलेले संगमरवराचे तुकडे. जे अ‍ॅसिड वरचं सिमेंट खातं, ते खालचं सिमेंट आणि संगमरवर का सोडेल? शिंतोडा कशाचा आहे तेवढंच मी पाहिलं होतं. तो कशावर बसलाय ते पाहायला हवं होतं. कोटा, शहाबादी, संगमरवर यांचंही हेच. खात्री नसेल तर कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा थेंब टाकून पाहा, बुडबुडे आले किंवा वाळल्यावर चकाकी गेली तर त्या लादीला कुठलंही अ‍ॅसिड लावायचं नाही.

उरलेले शिंतोडे अ‍ॅसिडशिवाय काढले. ओलं फडकं तासभर ठेवलं, मग बांबूची चपटी खपली आणि तिच्यावर लाकडी दांड्याने हलके ठोके. शिंतोडा बाजूने उचलला जातो, अख्खाच्या अख्खा. एकाला दोन-तीन मिनिटं. म्हणजे सगळे मिळून फार तर तास-दीड तासाचं काम होतं.

२८ फेब्रुवारी

बाटलीची चूक अजून संपली नव्हती. बूच नीट न लावता ती रात्रभर स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली राहिली. सकाळी नव्या स्टीलच्या सिंकवर तांबूस ठिपके, कपाटाच्या बिजागऱ्यांवरही. या अ‍ॅसिडची वाफ धातूवर बसते, आणि इथली खारी हवा तिला साथ देते. सिंक भांडी घासायच्या पावडरीने बरंचसं निघालं. बिजागऱ्या दोन बदलल्या. बाटली अंगणातल्या पडक्या न्हाणीत ठेवली.

शेजारचे सर चिपळूणच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. त्यांना चट्टे दाखवले. त्याच वेळी काकू पाटीभर बिंबलं, ती आंबट हिरवी फळं, घेऊन आली: "पितळ कसं लख्ख होतं, मग लादी का नाही होणार?" मलाही पटलं. सरांनी हसून करून बघायला सांगितलं, पण पडवीच्या लादीवर, मोझॅकवर नाही.

बिंबलं ठेचून रस एका अ‍ॅडेसिव्हच्या गोळ्यावर अर्धा तास ठेवला. गोळ्याला काही झालं नाही, उलट वर पांढुरका पापुद्रा आला. सर म्हणाले, बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. पितळावरचा काळपट थर ते काढतं. पण सिमेंटातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की कॅल्शियम ऑक्झॅलेट होतं आणि ते पाण्यात विरघळत नाही. म्हणजे शिंतोड्याला त्याने आपणच चिलखत घातलं. सिमेंटासाठी असं आम्ल हवं ज्याचं कॅल्शियमचं मीठ विरघळून पाण्याबरोबर निघून जातं. त्यांनी सल्फॅमिक अ‍ॅसिडची पावडर सुचवली. तिची वाफ येत नाही.

काकू नाराज झाली. बिंबलं फेकू दिली नाहीत. बरं झालं, पुढे लिहिते.

२ मार्च, रविवार

सल्फॅमिक पावडर चिपळुणात मिळाली, अर्धा किलो १९० रुपयांना. पडवीची लादी व्हिट्रिफाइड, तिला या आम्लाने काही होत नाही, पण सांध्यांमधलं ग्राउट सिमेंटचंच आहे. म्हणून आधी सगळी पडवी गोड्या पाण्याने गच्च भिजवली. सांधे पाणी पिऊन तृप्त झाले की आम्ल आत शोषत नाहीत.

एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम पावडर. पाण्यात पावडर, उलट नाही. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, दारं-खिडक्या उघडी. आणि त्या दिवशी घरात ब्लीचिंग पावडर किंवा फिनाइल-ब्लीच काहीही बाहेर काढायचं नाही, आम्लाशी ब्लीच मिळालं की विषारी क्लोरीन वायू निघतो.

पातळ पांढरा थर दहा मिनिटांत सुटला. नायलॉनच्या ब्रशने घासला आणि वाळायच्या आत पुसला. मग बादलीभर पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून एक हात, मग दोनदा साधं पाणी.

अ‍ॅडेसिव्हचे गोळे मात्र जागचे हलले नाहीत. नुसते वरून खरखरीत झाले. केमिकलमध्ये सिमेंटबरोबर प्लास्टिकसारखं काहीतरी मिसळलेलं असतं, ते सिमेंटच्या कणांना वेढून बसतं, आम्ल आत पोचतच नाही. पावडरीचं प्रमाण दुप्पट करून पाहिलं, फरक नाही. पाऊण किलो पावडर आणि एक दुपार फुकट. त्यासाठी अजून एक पुडा मागवावा लागला होता.

४ मार्च

उपाय गोणपाटाचा निघाला. काल संध्याकाळी गोळ्यांवर भिजवलेलं गोणपाट टाकलं, वर प्लास्टिक, म्हणजे वाळू नये. सकाळी गोळ्यांची धार नखाने दबत होती. आतलं ते प्लास्टिक पाण्याने मऊ पडतं, हेच त्याचं दुखणं आहे. आमच्या केमिकलला तरी पडलं. मग पुट्टीची पत्ती लादीशी झोपवून गोळ्याच्या कडेखाली सरकवायची. निम्मे सबंध निघाले. खाली राहिलेला करडा पातळ थर सल्फॅमिकने दहा मिनिटांत गेला, कारण आता तो पातळ होता.

एक घोळ. लादीवर पत्तीच्या काळ्या रेघा उमटल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. ओरखडे असते तर नख अडकलं असतं, ते अडकत नव्हतं. लादी पोलादाहून कठीण, म्हणून तिने पत्तीचंच लोखंड खरवडून घेतलं होतं, पाटीवर पेन्सिल ओढावी तसं. आणि इथे काकूची बिंबलं कामाला आली. लोखंडाच्या रेघेवर बिंबलाचा रस पाच मिनिटं, फडक्याने पुसलं, रेघ गेली. काकू काही बोलली नाही. फक्त उरलेली बिंबलं उचलून सागाच्या खिडकीकडे गेली. तिथे चौकटीच्या खालच्या पट्टीवर बांधायची तार ओली राहून काळा वळ उठला होता. सागातल्या टॅनिनला लोखंड लागलं की असा काळा होतो. तोही रसाने फिका झाला. तिथे मात्र पाण्याने नीट पुसून मग वाळल्यावर तेलाचा हात दिला.

७ मार्च

मोझॅकसाठी चिपळूणहून पॉलिशवाले दादा आले. तीन चट्ट्यांसाठी कुणी यायला तयार नव्हतं, येणं-जाणं धरून २,२०० रुपये ठरले. हाताने घासायचे दगड, आधी १२० नंबर, मग २२०, मग ४००, प्रत्येक वेळी पाणी ओतत. खडे पुन्हा दिसायला लागले. शेवटी त्यांनी पांढरी पूड काढली, चट्ट्यावर भुरभुरली आणि ओल्या गोणपाटाने जोरात घासली. विचारलं तर म्हणाले, "ऑक्झॅलिक. याच्याशिवाय चमक येत नाय."

गेल्या आठवड्यात बिंबलाच्या रसाचा जो न विरघळणारा पापुद्रा मला नडला, तोच इथे लादीच्या कणाकणावर बसून चमक देतो. सरांना सांगितलं, ते म्हणाले, तोच.

चट्टे आता आजूबाजूच्या लादीपेक्षा जास्त चकाकतात. पूर्ण माजघर पॉलिश केलं तरच एकसारखं होईल आणि त्याचे १८,००० सांगितले. पुढच्या वर्षी पाहू. पालखी त्याच कोपऱ्यात बसते, वर सतरंजी येईल.

९ मार्च

खर्च: व्हॅक्यूमचं भाडं दोन दिवसांचं ८००, पावडरीचे दोन पुडे ३८०, अ‍ॅसिडची बाटली ६० आणि तिच्यापायी बिजागऱ्या ३४० व पॉलिशचे २,२००. मास्क, पाती, ब्रश, हातमोजे मिळून ५००च्या आसपास. म्हणजे ४,२८०तले २,६०० त्या साठ रुपयांच्या बाटलीने खाल्ले.

आज सकाळी मिठाच्या बरणीचं झाकण पुसलं. बोटाला अजून थोडं पांढरं लागतंय. सर म्हणतात मीठच असेल. चाखून पाहायला मी तयार नाही.